लहान डेअरीतील दुधाच्या नळ्या आणि लोण्याचे चर्न: बायोफिल्म आणि मिल्क स्टोन टाळणारी जागेवरची धुलाई

दिवसाला पाचशे ते दोन हजार लिटर दूध हाताळणाऱ्या डेअरीत नळ्या रोज धुतल्या जातात, सोडा वापरला जातो, गरम पाणीही सोडले जाते, आणि तरीही काही महिन्यांनी सांध्यांमधून आंबूस वास येऊ लागतो, पहिल्या पिशव्यांचे दूध लवकर फाटते आणि नळीच्या आत बोट फिरवले तर खरखरीत लागते. अशा ठिकाणी मालक बहुधा रसायन बदलतो किंवा त्याचे प्रमाण वाढवतो. माझ्या मते बहुतेक वेळा दोष रसायनात नसतो. पाणी नळीतून पुरेशा वेगाने जात नाही, धुण्याच्या पायऱ्यांचा क्रम आणि तापमान सांभाळले जात नाही, आणि जे भाग उघडूनच धुवायचे असतात ते उघडले जात नाहीत. हा लेख या तीन गोष्टींभोवतीच लिहिला आहे. त्यात स्टेनलेस स्टीलच्या दुधाच्या नळ्या आणि लोणी काढण्याचे स्टीलचे चर्न यांचाच विचार केला आहे. प्लेट पाश्चरायझर मुद्दाम बाहेर ठेवला आहे, कारण त्याच्या अरुंद वाटांना वेगळा प्रवाह आणि वेगळा दाब लागतो.

नळीत नेमके काय साठते

दूध तापवण्याच्या पातेल्याच्या तळाशी जो चिवट थर बसतो, त्याच जातीचा थर डेअरीत गरम दुधाच्या नळीत बसतो. तापमान साधारण 65 ते 70 अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की दुधातील निवळीची, म्हणजे व्हे, प्रथिने आपला आकार सोडतात आणि धातूला चिकटू लागतात. दुधातील कॅल्शियम फॉस्फेटचा स्वभाव साखर-मिठाच्या उलट आहे, म्हणजे तापमान वाढले की त्याची विद्राव्यता कमी होते, आणि ते गरम पृष्ठभागावर बाहेर पडते. प्रथिन आणि खनिज असे एकमेकांत गुंतून जो कठीण थर तयार होतो तो मिल्क स्टोन. म्हशीच्या दुधात कॅल्शियम आणि प्रथिने गाईच्या दुधापेक्षा जास्त असल्यामुळे हा थर तेथे लवकर बसतो. धुण्याचे पाणी बोअरचे आणि जड असेल तर त्यात आणखी भर पडते, कारण गरम सोड्याच्या द्रावणात पाण्यातील कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने खाली बसते आणि दुधाच्या थरालाच जाऊन मिळते. म्हणजे धुलाईच थर वाढवत राहते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत सवलत आहे. पिण्यासाठी ही सवलत चालते, पण सोड्याचे द्रावण करण्यासाठी मात्र 200 च्या पुढचे पाणी सॉफ्टनरमधून काढून घ्यावे किंवा कॅल्शियमला धरून ठेवणारा घटक मिसळलेला डेअरीसाठीचा तयार क्षारीय क्लीनर वापरावा.

बायोफिल्म ही वेगळी गोष्ट आहे. धातूवर दुधाचा अत्यंत पातळ थर राहिला की काही तासांत जिवाणू त्यावर चिकटतात आणि स्वतःभोवती शर्करा व प्रथिनांचे बुळबुळीत आवरण तयार करतात. या आवरणात असलेले जिवाणू मोकळ्या जिवाणूंपेक्षा क्लोरीनला कितीतरी अधिक तोंड देतात, कारण क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच आवरणातील सेंद्रिय पदार्थावर खर्च होऊन जाते. थंड दुधाच्या बाजूला यात स्यूडोमोनास गटातील जिवाणू प्रमुख असतात. ते स्वतः पाश्चरायझेशनमध्ये मरतात, पण त्यांनी सोडलेली चरबी आणि प्रथिने फोडणारी विकरे बरीचशी टिकून राहतात. गरम दुधाच्या बाजूला बीजाणू करणारे बॅसिलस गटातील जिवाणू तग धरतात. मिल्क स्टोनचा खडबडीत पृष्ठभाग या दोघांनाही आयता आसरा देतो, आणि म्हणून दोन्हींचा बंदोबस्त एकाच धुलाईत, पण वेगवेगळ्या पायऱ्यांनी करावा लागतो.

आधी वेग मोजा

सोडा थर मऊ करतो आणि सोडवतो, पण तो धातूपासून सुटून वाहून जाण्यासाठी पाण्याचा घासून जाणारा जोर लागतो. त्यासाठी नळीत सेकंदाला सुमारे 1.5 मीटर वेग हवा, हा डेअरी उद्योगातील रूढ निकष आहे. लहान डेअरीत बहुतेक वेळा 38 मिलिमीटरची नळी असते, आणि तिचा आतील व्यास सुमारे 35 मिलिमीटर भरतो. अशा नळीत हा वेग मिळवायचा तर मिनिटाला सुमारे 86 लिटर, म्हणजे तासाला 5,200 लिटर पाणी जायला हवे. याउलट ताशी 1,000 लिटर दूध ढकलणारा पंपच धुण्यासाठी वापरला, तर त्याच नळीत पाण्याचा वेग सेकंदाला 0.3 मीटरही होत नाही. पाणी नळी भरून जाते, पण घासत नाही. दुधाचा पंप धुलाईला पुरत नाही, ही गोष्ट लहान डेअरी उभारताना सहसा कोणी सांगत नाही, आणि पुढचे निम्मे त्रास तिथूनच सुरू होतात.

हे तपासायला कोणतेही मीटर लागत नाही. नळीच्या परतीच्या टोकाशी 20 लिटरची बादली धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते पाहा. 38 मिलिमीटरच्या नळीसाठी बादली सुमारे 14 सेकंदांत भरली पाहिजे. 25 मिलिमीटरच्या नळीसाठी, जिचा आतील व्यास सुमारे 22 मिलिमीटर असतो, 35 सेकंद चालतील. 51 मिलिमीटरच्या नळीला मात्र साडेसात सेकंदांत बादली भरणारा प्रवाह लागतो, आणि म्हणूनच गरजेपेक्षा मोठी नळी टाकणे हे लहान डेअरीला धुण्याच्या दृष्टीने महाग पडते. हे मोजमाप थंड साध्या पाण्याने करावे, गरम सोड्याने कधीही करू नये. बादली उशिरा भरत असेल तर धुण्यासाठी स्वतंत्र सेंट्रिफ्यूगल पंप घ्यावा. पंचवीस-तीस मीटर लांबीच्या 38 मिलिमीटरच्या फेऱ्यासाठी सुमारे 1 अश्वशक्तीचा पंप सहसा पुरतो.

प्रवाह पुरेसा असूनही नळीचा एखादा भाग न धुतलेला राहू शकतो. दोन फाटे एकाच वेळी उघडे ठेवले तर पाणी सोप्या वाटेने जाते आणि दुसऱ्या फाट्यात जवळपास थांबते, म्हणून फाटे एकामागून एक जोडून सर्व पाणी एकाच सलग वाटेने जाईल असा फेरा करावा किंवा फाटे पाळीपाळीने धुवावेत. टी-जोडाला पुढे टोपण लावून बंद केलेला तुकडा नळीच्या व्यासाच्या दीडपटीपेक्षा लांब असेल तर त्याच्या टोकापर्यंत प्रवाह पोहोचत नाही, आणि असा तुकडा कापून आखूड करणे हाच त्यावर उपाय आहे. नळीला निचऱ्याच्या दिशेने मीटरला सुमारे 1 सेंटीमीटर उतार असावा, म्हणजे धुलाईनंतर आत पाणी साचून राहत नाही.

एक संपूर्ण धुलाई, आकड्यांसह

एक उदाहरण घेऊ. समजा, एका डेअरीत रोज 1,000 लिटर दूध येते. संकलन टाकीपासून 500 लिटरच्या बॅच पाश्चरायझरपर्यंत, तेथून कूलरकडे आणि पुढे पिशवी भरण्याच्या यंत्रापर्यंत मिळून 38 मिलिमीटरची 18 मीटर नळी आहे आणि परतीसाठी खाद्य दर्जाचा 6 मीटर होज आहे. या नळीत मीटरला सुमारे 1 लिटर पाणी मावते, म्हणजे संपूर्ण फेऱ्यात 23 ते 24 लिटर. धुण्याची टाकी 120 लिटरची घेतली आणि तीत 100 लिटर द्रावण केले, तर पंप कोरडा न चालता फेरा आरामात फिरतो. टाक्या आणि बॅच पाश्चरायझर आतून स्वतंत्रपणे, ब्रशने किंवा स्प्रे बॉलने धुतले जातील असे येथे धरले आहे.

पहिली पायरी कोमट पाण्याची. दूध संपल्यापासून पंधरा-वीस मिनिटांच्या आत ती सुरू झाली पाहिजे, कारण दूध एकदा धातूवर वाळले की तेच काम दुप्पट वेळ घेते. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात तर हा अवधी आणखी कमी धरावा. पाण्याचे तापमान 40 ते 45 अंश असावे. त्यापेक्षा थंड पाण्यात तूपाचा अंश थिजून नळीला चिकटतो, आणि 60 अंशांच्या पुढच्या पाण्यात प्रथिने शिजून धातूवर पक्की बसतात. दूध संपताच उकळते पाणी सोडण्याची सवय अनेक ठिकाणी चांगल्या हेतूनेच असते, पण मिल्क स्टोनची सुरुवात बहुधा तीच करते. हे पाणी फिरवायचे नाही, एकदाच नेऊन बाहेर सोडायचे. परतीचे पाणी काचेच्या ग्लासात धरून स्वच्छ दिसेपर्यंत ते सोडावे. वर दिलेला प्रवाह असेल तर 100 लिटर पाणी सव्वा मिनिटात जाते आणि बहुतेक वेळा तेवढे पुरते.

दुसरी पायरी सोड्याची. 100 लिटर पाण्यात 1 किलो कॉस्टिक सोड्याच्या पापड्या टाकल्या की 1 टक्क्याचे द्रावण होते. टाकीत आधी पाणी घ्यावे, ते गार किंवा कोमट असावे, आणि सोडा थोडा थोडा टाकत ढवळावा. सोड्यावर पाणी ओतले तर ते उसळून डोळ्यांत जाऊ शकते. डोळ्यांवर बंद चष्मा, हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे आणि पायात बूट घातल्याशिवाय हे काम कोणीही करू नये. विरघळल्यानंतर द्रावण 80 अंशांपर्यंत तापवावे आणि फिरवणे सुरू करावे. थंड नळीतून जाताना ते बरेच निवते, म्हणून तापमान टाकीत न मोजता परतीच्या टोकाशी मोजावे. परतीचे द्रावण 70 अंशांना पोहोचल्यावर घड्याळ लावावे आणि तेथून पुढे 15 मिनिटे मोजावीत. पंप सुरू केल्यापासून वेळ मोजली तर प्रत्यक्ष गरम धुलाई सहा-सात मिनिटांचीच होते, आणि नोंदवहीत मात्र पंधरा मिनिटे लिहिली जातात. फिरवणे चालू असताना वाटेतील प्रत्येक बटरफ्लाय व्हॉल्व्ह दोन-तीन वेळा उघडझाप करावा, म्हणजे त्याच्या पाकळीमागचा भागही धुतला जातो.

हे द्रावण दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरायचे असेल तर त्याची ताकद मोजल्याशिवाय वापरू नये. दुधाची आम्लता तपासण्याचे साहित्य डेअरीत असतेच. 10 मिलिलिटर द्रावण थंड करून घ्यावे, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकावेत, आणि दशांश नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने गुलाबी रंग जाईपर्यंत अनुमापन करावे. जेवढे मिलिलिटर आम्ल लागले त्याला 0.04 ने गुणले की सोड्याचे टक्के मिळतात. ताज्या 1 टक्क्याच्या द्रावणाला 25 मिलिलिटर लागते. उत्तर 20 मिलिलिटर आले तर ताकद 0.8 टक्के आहे आणि 100 लिटरमागे 200 ग्रॅम सोडा वाढवावा. द्रावण तपकिरी, फेसाळ किंवा दाट झाले असेल तर आकडा बरोबर आला तरी ते टाकून द्यावे, कारण सुटलेली घाण त्यातच फिरत असते. टाकतानाही ते सरळ नाल्यात किंवा शेतात सोडू नये, आम्लाच्या वापरलेल्या द्रावणाशी खड्ड्यात हळूहळू मिसळून उदासीन करून मगच सोडावे.

सोड्यानंतर साध्या पाण्याने नळी खळबळून घ्यावी. परतीच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकल्यावर गुलाबी रंग आला नाही की सोडा निघून गेला असे समजावे.

तिसरी पायरी आम्लाची, आणि मिल्क स्टोनवर खरे काम हीच करते. सोडा प्रथिने आणि चरबी काढतो, पण कॅल्शियमचे क्षार त्याला दाद देत नाहीत. लहान डेअरीसाठी मी फॉस्फोरिक आम्ल सुचवतो, कारण ते नायट्रिकइतके धूर सोडत नाही आणि रबराच्या गॅस्केटलाही कमी त्रास देते. 85 टक्के ताकदीचे फॉस्फोरिक आम्ल 100 लिटर पाण्यात 700 मिलिलिटर टाकले की सुमारे 1 टक्क्याचे द्रावण होते. येथेही आधी पाणी, मग आम्ल. 60 ते 65 अंशांवर 10 मिनिटे फिरवून पुन्हा साध्या पाण्याने खळबळावे. नायट्रिकच वापरायचे असेल तर बाजारातील 60 टक्क्यांच्या आम्लाचे 100 लिटरला सुमारे 730 मिलिलिटर घ्यावे आणि तापमान 65 च्या वर नेऊ नये. किराणा किंवा हार्डवेअरच्या दुकानात फरशी साफ करण्यासाठी मिळणारे आम्ल हे हायड्रोक्लोरिक असते. ते मिल्क स्टोन झटपट काढते, पण त्यातील क्लोराइड स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पाडते, आणि त्या खड्ड्यांत पुढे कायमची बायोफिल्म बसते. ते दुधाच्या नळीत कधीही वापरू नये.

आम्लाची पायरी रोज हवी का, हे नळीवर अवलंबून आहे. बॅच पाश्चरायझरपासून कूलरपर्यंतचा गरम दुधाचा भाग रोज आम्लाने धुवावा. केवळ थंड दूध जाणारी नळी, पाणी मऊ असेल तर आठवड्यातून दोनदा चालते. पाणी जड असेल तर तिलाही रोज आम्ल द्यावे, कारण तेथे थर दुधाचा नसून पाण्याचा असतो.

चौथी पायरी निर्जंतुकीकरणाची, आणि ती धुलाई संपल्यावर लगेच न करता दुसऱ्या दिवशी दूध सोडण्याच्या अगदी आधी करावी. रात्रभर ओलसर राहिलेल्या नळीत जे थोडे जिवाणू वाचलेले असतात ते पहाटेपर्यंत वाढतात, म्हणून संध्याकाळी केलेले निर्जंतुकीकरण सकाळी उपयोगी पडत नाही. गरम पाण्याची सोय असेल तर परतीचे पाणी 85 अंशांवर राहील असे 15 मिनिटे फिरवणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, कारण उष्णता गॅस्केटच्या फटीतही शिरते. सोय नसेल तर सोडियम हायपोक्लोराइट वापरावे. बाटलीवर 5 टक्के उपलब्ध क्लोरीन लिहिले असेल तर 100 लिटर थंड पाण्याला 200 मिलिलिटर टाकल्यावर लिटरला 100 मिलिग्रॅम क्लोरीन मिळते. 10 मिनिटे फिरवून पूर्ण निचरा करावा. हायपोक्लोराइट उष्णतेने आणि उजेडाने कमजोर होते, म्हणून ते सावलीत ठेवावे आणि जुना साठा वापरू नये. ते रात्रभर नळीत भरून ठेवू नये, कारण क्लोराइडचा तोच धोका येथेही आहे. आणि आम्लाचे द्रावण नळीत शिल्लक असताना हायपोक्लोराइट सोडले तर विषारी क्लोरीन वायू निघतो, म्हणून या दोन पायऱ्यांमधले खळबळणे कितीही घाई असली तरी वगळू नये. दोन्ही कॅन एकाच फळीवर ठेवू नयेत, आणि दोन्हींची मापेही वेगळी असावीत.

ग्रामीण भागात धुलाई चालू असताना वीज जाणे नवे नाही. सोडा फिरत असताना वीज गेली तर तो नळीत निवून पडू देऊ नये, सुटलेली घाण पुन्हा धातूवर बसते. खालचा व्हॉल्व्ह उघडून निचरा करावा, आणि वीज आल्यावर कोमट पाण्यापासून पुन्हा सुरुवात करावी.

जे उघडूनच धुवावे लागते

कितीही चांगला फेरा असला तरी काही भाग त्यात धुतले जात नाहीत. एखादा युनियनचा नट पंधरा दिवसांनी उघडून आतले गॅस्केट नखाने बाहेर काढून पाहा. दुधाकडची कड स्वच्छ दिसते, पण रबराची जी बाजू खाचेत दडलेली असते तिच्यावर पिवळसर, लोण्यासारखा मऊ पट्टा सापडतो, आणि त्याला आंबट चीजसारखा वास येतो. दूध वाहताना सांधा थोडा तापतो-निवतो, रबर आकुंचन-प्रसरण पावते, आणि त्या हालचालीबरोबर खाचेतले जिवाणू थोडे थोडे दुधात उतरत राहतात. म्हणून सर्व युनियन आणि क्लॅम्पचे सांधे ठरवून आठवड्यातून एकदा उघडावेत, गॅस्केट सोड्याच्या कोमट पाण्यात ब्रशने घासावेत, आणि रबर कडक, भेगाळलेले किंवा चपटे झाले असेल तर लगेच बदलावे. गॅस्केट स्वस्त असते, आणि ते वाचवण्यात काहीच अर्थ नाही. प्लग-कॉक पद्धतीचे जुने व्हॉल्व्ह, दुधाची गाळणी, पंपाचे पुढचे झाकण आणि नमुना घेण्याची तोटी हे मात्र रोज उघडून हाताने धुवावेत.

दुधाचे कॅन ॲल्युमिनियमचे असतील तर त्यांना कॉस्टिक सोडा आणि नायट्रिक आम्ल दोन्ही लावू नयेत. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो, पृष्ठभाग काळपट आणि खडबडीत होतो. त्यांच्यासाठी धुण्याच्या सोड्यावर आधारित, ॲल्युमिनियमसाठी सुरक्षित असे लिहिलेले क्लीनर आणि ब्रश हाच मार्ग आहे.

लोण्याचे चर्न

चर्नमध्ये प्रश्न निराळा असतो. येथे दूध तापत नाही, म्हणून मिल्क स्टोन कमी बसतो. पण चरबी भरपूर असते, ताकाचा ओलावा असतो, आणि झाकण बंद करून ठेवल्यावर आत हवा कोंडते. यीस्ट आणि बुरशीला हे फार मानवते. लोण्याला यीस्टसारखा किंवा कुबट वास येणे, पृष्ठभागावर रंगीत ठिपके दिसणे, ही त्याची खूण असते.

लोणी काढून झाल्यावर भिंतीला चिकटलेले लोणी प्लॅस्टिकच्या पट्टीने काढावे. चर्नची आतली बाजू मुद्दाम किंचित खडबडीत ठेवलेली असते, त्यामुळे तिच्यावर पाण्याचा पातळ थर टिकतो आणि लोणी चिकटत नाही. तारेच्या घासणीने ती गुळगुळीत केली तर पुढच्या वेळी लोणी भिंतीला धरून बसते. नंतर 45 अंशांच्या पाण्याने ताक धुऊन काढावे. मग 200 लिटरच्या चर्नमध्ये 65 लिटर, म्हणजे एक-तृतीयांश, इतके 1 टक्का सोड्याचे 75 अंशांचे द्रावण घालून झाकण लावावे आणि संथ गतीने 15 मिनिटे फिरवावे. पूर्ण भरले तर पाणी आपटत नाही आणि धुलाई होत नाही. येथे एक खबरदारी जिवाची आहे. बंद चर्नमध्ये गरम द्रावण हलले की हवा प्रसरण पावते आणि आतला दाब वाढतो, म्हणून दोन-तीन फेऱ्यांनंतर चर्न थांबवून हवेचा व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणावा, तोंड लांब ठेवून तो सावकाश उघडावा, आणि पुढेही अधूनमधून असेच करावे. झाकण थेट उघडले तर गरम सोडा अंगावर येतो.

द्रावण झाकणातून न ओतता खालच्या निचरा-व्हॉल्व्हमधून सोडावे, म्हणजे तोही धुतला जातो. साध्या पाण्याने दोनदा खळबळून 85 अंशांच्या पाण्याने 10 मिनिटे फिरवावे, आणि गरम असतानाच निचरा करून झाकण उघडे, तोंड खाली अशा स्थितीत ठेवावे. धातूच्या स्वतःच्या उष्णतेने आतली बाजू कोरडी होते, आणि कोरड्या धातूवर बुरशी वाढत नाही. आम्लाची धुलाई चर्नला आठवड्यातून एकदा पुरते. झाकणाचे रबर, पाहण्याच्या काचेचे गॅस्केट, हवेचा आणि निचऱ्याचा व्हॉल्व्ह हे चारही भाग मात्र रोज सुटे करून घासावेत, कारण फिरणाऱ्या पाण्याचा मार त्यांच्या खाचांत पोहोचत नाही. दुसऱ्या दिवशी क्रीम घालण्यापूर्वी क्लोरीनच्या थंड पाण्याने चर्न फिरवून निचरा करावा आणि नंतर स्वच्छ, निर्जंतुक केलेल्या गार पाण्याने ते थंड करून घ्यावे.

नळी खरोखर स्वच्छ झाली का

नळी टॉर्चने आतून पाहिली की बरेच कळते. पाण्याचे थेंब मोत्यासारखे सुटे राहत असतील तर चरबी शिल्लक आहे, आणि सोड्याचे तापमान कमी पडले आहे. निळसर-इंद्रधनुषी झाक दिसली तर प्रथिनाचा पातळ पापुद्रा आहे, त्यावर सोड्याची ताकद किंवा वेळ वाढवावी. ओल्या नळीत न दिसणारा, पण वाळल्यावर खडूसारखा पांढरा दिसणारा थर खनिजाचा असतो. त्यावर आम्लाचा थेंब टाकला आणि बुडबुडे आले तर तो मुख्यतः पाण्याचा कार्बोनेट आहे, म्हणजे दोष पाण्यात आहे.

जुना, जाड मिल्क स्टोन एकाच आम्ल-धुलाईत निघत नाही, कारण त्यात प्रथिनाचे आणि खनिजाचे थर एकाआड एक असतात. अशा वेळी आम्लाचे प्रमाण वाढवत नेण्याऐवजी 1.5 टक्के सोडा 30 मिनिटे, खळबळणे, 1 टक्का आम्ल 30 मिनिटे, खळबळणे, आणि पुन्हा सोडा असा क्रम दोन-तीन दिवस लागोपाठ द्यावा. एरवीची रोजची धुलाई त्यात आलीच.

डोळ्यांना न दिसणाऱ्या बायोफिल्मसाठी मेथिलीन ब्लूची साधी चाचणी चांगला दुवा देते. सकाळचे पहिले दूध नळीत जाण्याआधी टाकीतून एक नमुना घ्यावा, आणि नळीतून आलेल्या पहिल्या काही लिटरमधून दुसरा. दोन्हींत 10 मिलिलिटर दुधाला 1 मिलिलिटर मेथिलीन ब्लू घालून 37 अंशांच्या पाण्यात ठेवावे. वरच्या उदाहरणात टाकीच्या दुधाचा निळा रंग साडेचार तासांनी गेला आणि नळीतल्या दुधाचा तीन तासांनी गेला, तर हा दीड तासांचा फरक नळीने घातला आहे. दोन्ही वेळा जवळपास सारख्या आल्या तर नळी ठीक आहे आणि दोष असलाच तर दूध आणणाऱ्या कॅनमध्ये शोधावा. ही तुलना कच्च्या दुधाच्या भागासाठी आहे. पाश्चरायझेशननंतरच्या भागासाठी पहिल्या पिशवीची कोलिफॉर्म चाचणी अधिक उपयोगी पडते, कारण 63 अंशांवर 30 मिनिटांत कोलिफॉर्म मरतात, आणि पिशवीत ते सापडले तर ते नंतरच्या नळीतून किंवा भरण्याच्या यंत्रातून आलेले असतात.

फरक आढळला तर संपूर्ण नळी पुन्हा पुन्हा धूत बसू नये. दुसऱ्या दिवशी मधल्या सांध्याशी तिसरा नमुना घ्यावा. तो टाकीसारखा आला तर दोष पुढच्या अर्ध्यात आहे, नळीच्या शेवटासारखा आला तर मागच्या अर्ध्यात. असे दोन-तीन दिवस अर्धे-अर्धे करत गेले की शोध एक-दोन सांध्यांवर येऊन थांबतो. तेथे बहुधा एखादा न उघडलेला व्हॉल्व्ह, लांब बंद फाटा किंवा झिजलेले गॅस्केट सापडते, आणि ते बदलल्यावर त्याच ठिकाणी पुन्हा नमुना घेऊन खात्री करावी.